गुरू हरला की जिंकला? २५ डिसेंबर २०२० च्या पत्रिकेतलं ग्रहयुद्ध

वाचकाचं पत्र:

नमस्कार सर, माझ्या मुलाचा जन्म २५ डिसेंबर २०२०, दुपारी साडेबारा, नेरुळ. मीन लग्न, मेष रास. एका ज्योतिषांनी सांगितलं की गुरू-शनीचं ग्रहयुद्ध आहे, त्यात गुरू हरलाय, लग्नेशच हरला म्हणून बुद्धीला आणि शिक्षणाला त्रास, आणि आता गुरूची अंतर्दशा येतेय तर त्याआधी मोठी शांती करून घ्या, खर्च एकवीस हजार. माझ्या बहिणीची मुलगी पाच दिवसांनी मोठी, २० डिसेंबर सकाळचा जन्म, तिच्या पत्रिकेत मात्र म्हणे गुरू जिंकलाय. एका अ‍ॅपवर माझ्या मुलाचाही गुरू विजयी दाखवतात. नक्की कोण हरलं? मुलगा सिनियर केजीत आहे, वाचायला अजून अडखळतो, म्हणून जास्त टेन्शन आलंय.
— एक आई, सीवूड्स

उत्तर:

ताई, आधी सरळ उत्तर देतो मग कारणं सांगतो. तुमच्या मुलाच्या पत्रिकेत युद्ध आहे हे खरं, पण जुन्या ग्रंथांच्या कसोटीवर त्यात गुरू जिंकलेला आहे, शनी हरलेला आहे, आणि तुमच्या भाचीच्या पत्रिकेतही अगदी तेच आहे. पाच दिवसांत आकाशात निकाल बदललेला नाही, बदलला तो फक्त एका शॉर्टकट नियमामुळे, आणि तोच नियम तुमच्या ज्योतिषांनी लावलाय असं मला वाटतं.

तुम्ही पाठवलेल्या माहितीवरून मी पत्रिका मांडली. गुरू मकरेत साधारण ७ अंश १० कला, शनी मकरेतच ६ अंश ४६ कला, म्हणजे दोघांत २४ कलांचं अंतर. साठ कला म्हणजे एक अंश, दोन ग्रह एका अंशाच्या आत आले की युद्ध धरतात, आणि हे तर अर्ध्या अंशाच्याही आत आलं. आणि दोघंही तारा-ग्रह, म्हणजे मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी या पाचांपैकी. युद्ध फक्त या पाचांतच मोजतात, सूर्याजवळ ग्रह गेला तर त्याला अस्त म्हणतात, चंद्राजवळ गेला तर समागम, आणि राहू-केतूला बिंबच नाही त्यामुळे त्यांचं युद्ध होत नाही. हे सांगायचं कारण, "शनी-राहूचं युद्ध आहे" म्हणून घाबरलेले लोकही माझ्याकडे येतात, तसलं काही नसतं.

अजून एक गोष्ट आधी तपासायची ती म्हणजे दोघांपैकी कुणी अस्तंगत आहे का, कारण अस्ताचा विचार युद्धाच्या आधी. त्या दिवशी सूर्य धनूत ९ अंशांच्या आसपास होता, गुरू-शनी त्याच्यापासून २७-२८ अंश लांब, आणि गुरूच्या अस्ताची मर्यादा ११ अंश, शनीची १५. म्हणजे दोघंही उदित, रोज संध्याकाळी दिसणारे. प्रश्न सुटला.

आता मुख्य मुद्दा, हरलं कोण. याचे तीन नियम फिरत असतात आणि तिन्ही एकमेकांत मिसळून सांगितले जातात, म्हणून गोंधळ होतो.

पहिला नियम, ज्याचे अंश कमी तो जिंकला. गेल्या शतकातल्या पुस्तकांमधून हा खूप पसरला आणि बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये हाच बसवलेला असतो, कारण कॉम्प्युटरला सोपा, दोन आकडे बघायचे आणि निकाल द्यायचा. आता हा नियम तुमच्या घरातल्या दोन मुलांना लावून बघा. गुरू शनीपेक्षा जलद चालतो, त्या डिसेंबरात गुरू दिवसाला साधारण पावणेचौदा कला चालत होता आणि शनी जेमतेम सात, म्हणजे गुरू मागून आला, २१ डिसेंबरला रात्री बाराच्या थोडं आधी शनीच्या बरोबरीला आला आणि पुढे गेला. २० तारखेला सकाळी गुरू दहा-अकरा कला मागे होता म्हणून भाचीचा गुरू "जिंकला", २५ ला २४ कला पुढे होता म्हणून तुमच्या मुलाचा गुरू "हरला". बस, एवढंच झालंय. २१ च्या रात्री पावणेबाराला जन्मलेलं मूल आणि साडेबाराला जन्मलेलं मूल यांचे निकाल उलटे, आणि वर बघितलं तर दोन्ही ठिपके तसेच, गुरू तितकाच झगझगीत, शनी तितकाच फिका. ज्या नियमाचा आकाशाशी संबंधच राहत नाही तो मी तरी वापरत नाही आणि क्लासमध्येही शिकवत नाही.

दुसरा नियम, उत्तरेकडचा जिंकतो, दक्षिणेकडचा हरतो. हा मात्र जुना आहे. इथे अंश नाही, शर बघायचा, म्हणजे क्रांतिवृत्तापासून, आकाशातल्या सूर्याच्या वाटेपासून, ग्रह किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे. डिसेंबर २०२० मध्ये दोघंही क्रांतिवृत्ताच्या दक्षिणेलाच होते पण गुरू शनीच्या खाली साधारण ६ कला, म्हणजे शनी उत्तरेकडचा. नुसता हा नियम लावला तर शनी जिंकतो, गुरू हरतो, आणि तोही दोन्ही मुलांच्या पत्रिकेत, फक्त तुमच्या मुलाच्या नाही. म्हणजे तुमच्या ज्योतिषांनी हा लावलेला नाही हे नक्की, लावला असता तर भाचीचा गुरू जिंकलाय असं म्हणाले नसते.

तिसरा नियम, आणि माझ्या मते हाच शेवटचा शब्द, तो म्हणजे तेज आणि बिंब. वराहमिहिराने बृहत्संहितेत सतराव्या अध्यायात ग्रहयुद्ध दिलंय. हरलेल्या ग्रहाची लक्षणं तो अशी सांगतो: दक्षिणेकडे असलेला, रुक्ष दिसणारा, थरथरणारा, बारीक, निस्तेज, रंग उडालेला. आणि लगेच पुढे सांगतो की जो मोठा, स्निग्ध, तेजस्वी आहे तो दक्षिणेकडे असला तरी जिंकलेलाच समजायचा. म्हणजे उत्तर-दक्षिण हे एक लक्षण आहे आणि तेजापुढे ते मागे पडतं. सूर्यसिद्धांताच्या ग्रहयुतीच्या अध्यायातही हाच सूर आहे, निस्तेज आणि बारीक तो हरलेला, आणि शुक्राबद्दल तर वेगळं सांगून टाकलंय की तो उत्तरेला असो की दक्षिणेला, बहुतेक वेळा तोच जिंकतो. का, तर शुक्राएवढं तेज पाचांत कुणालाच नाही. बघून लिहिलेलं शास्त्र आहे हे.

आता आपल्या जोडीला हे लावा. त्या आठवड्यात गुरूची प्रत, म्हणजे तेजाचं माप, उणे २ च्या आसपास होती आणि शनीची अधिक ०.६. प्रत जितकी कमी तितकं तेज जास्त, आणि एवढ्या फरकाचा अर्थ गुरू शनीच्या दहा-अकरा पट तेजस्वी. बिंबाचंही तसंच, गुरूचं बिंब शनीच्या गोलाच्या दुपटीहून मोठं. २१ ला संध्याकाळी मी नौपाड्यात आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून दुर्बिणीतून बघितलं होतं, एकाच भिंगात दोघं मावत होते, क्षितिजाजवळ धुरकट होतं, त्यात शनी सात-साडेसातनंतर नुसत्या डोळ्यांनी शोधावा लागत होता आणि गुरू मात्र मावळेपर्यंत स्पष्ट होता. बाजूला सोसायटीतली पोरं होती, ज्योतिषातलं काही माहीत नसलेली, त्यांना विचारलं मोठा कुठला तर सगळ्यांनी एकाच ठिपक्याकडे बोट दाखवलं. वराहमिहिराला हीच कसोटी अभिप्रेत आहे. तेव्हा गुरू दक्षिणेकडे असूनही जयी.

मग ज्योतिषांना गुरू दुबळा का दिसला? कारण गुरू मकरेत आहे आणि मकर ही गुरूची नीच रास. हे खरं आहे आणि मी लपवणार नाही. पण नीचत्व आणि युद्ध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र करून "हरला" म्हणायचं नाही. गुरू नोव्हेंबर २०२० च्या विसाला मकरेत आला आणि एप्रिल २०२१ च्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिथेच होता, म्हणजे साडेचार महिने जन्मलेल्या प्रत्येक मुलाचा गुरू नीच आहे, युद्ध असो नसो. युद्ध त्यातलं फक्त अठराएक दिवसांचं, साधारण १२ ते ३० डिसेंबर, कारण दोघांतलं अंतर दिवसाला पावणेसात कला बदलत होतं आणि एक अंश संपायला दोन्ही बाजूंना नऊ-नऊ दिवस लागतात.

आणि नीच म्हणाल तर तुमच्या मुलाच्या पत्रिकेत त्याला उतारा पण आहे. नीच राशीचा स्वामी चंद्रापासून केंद्रात असला तर नीचभंग धरतात. मकरेचा स्वामी शनी, तो मकरेतच, आणि मुलाचा चंद्र मेषेत, मेषेपासून मकर दहावी, म्हणजे केंद्र. झाला नीचभंग. शिवाय ७ अंश १० कलांवरचा गुरू नवमांशात मीनेत जातो, स्वतःच्या घरात. लग्नेश आणि दशमेश गुरू लाभस्थानात, तिथे स्वराशीचा शनी सोबतीला, नवमांशात गुरू स्वगृही... या गुरूला एवढं दीनवाणं करून सांगायचं काय कारण होतं मला कळलं नाही.

तुम्ही विचाराल की मग युद्धाने नक्की ताकद किती जाते, शनी हरला तर त्याचं काय. हे मोजायची पद्धत षड्बलात, म्हणजे ग्रहांची ताकद मोजायच्या हिशेबात आहे, तिला युद्धबल म्हणतात, आणि कुणीच हे पालकांना सांगत नाही म्हणून जरा बसून सांगतो. दोन्ही ग्रहांचं स्थानबल, दिग्बल आणि कालबलातले बाकीचे भाग यांची बेरीज करायची, दोघांच्या बेरजांतला फरक काढायचा, आणि त्या फरकाला दोघांच्या बिंबमानातल्या फरकाने भागायचं. जे उत्तर येईल ते जिंकलेल्याला मिळवायचं, हरलेल्यातून वजा करायचं. बिंबमानं ठरलेली आहेत: गुरू १९०.४, शनी १५८, शुक्र १६.६, मंगळ ९.४, बुध ६.६. गुरू-शनीतला फरक ३२.४. आता समजा दोघांच्या बलातला फरक ९७ षष्ट्यंश आला, भागिले ३२.४, उत्तर ३. तीन षष्ट्यंश! गुरूला बलवान म्हणायला ३९० षष्ट्यंश लागतात, शनीला ३००. त्यातले तीन इकडचे तिकडे झाले तर काय मोठा डोंगर कोसळणार आहे. म्हणजे क्षणभर तुमच्या ज्योतिषांचंच खरं धरलं, गुरू हरला असं मानलं, तरी त्याचं नुकसान एवढंच. उलट हाच ९७ चा फरक मंगळ आणि बुधात आला असता तर त्यांच्या बिंबमानातला फरक २.८ फक्त, उत्तर चौतीस-पस्तीसच्या घरात, ते मात्र जाणवणारं. मंगळ-बुधाचं युद्ध पत्रिकेत दिसलं की मी थांबून बघतो, गुरू-शनीच्या युद्धाला एवढं घाबरत नाही.

अजून एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बृहत्संहितेत या युद्धांची फळं कुणासाठी दिलीत? राजे, प्रदेश, पाऊस, पिकं यांच्यासाठी. तो संहितेचा विषय आहे, एका मुलाच्या जातकाचा नाही. नंतरच्या लोकांनी ते जातकात आणलं, ठीक आहे, आणावं, पण मूळ जागा माहीत असावी. आणि सूर्यसिद्धांतात तर युद्धाचं सगळं सांगून झाल्यावर स्पष्ट म्हटलंय की लोकांचं बरं-वाईट सांगण्यासाठी ही कल्पना मांडली आहे, बाकी ग्रह आपापल्या मार्गाने एकमेकांपासून लांबून चाललेले असतात. तुम्ही सीवूड्सला राहता, पाम बीच रोडवर रात्री उभं राहून बघा, जवळच्या खांबावरचा दिवा आणि खाडीपलीकडचा दिवा एकमेकांना चिकटलेले दिसतात, तसंच आहे हे. त्या दिवशी गुरू आणि शनी यांच्यात खरं अंतर ७३ कोटी किलोमीटरच्या आसपास होतं.

तुम्हाला स्वतः चेक करायचं असेल तर स्टेलॅरियम नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं, त्यात ठिकाण नवी मुंबई टाका, २५ डिसेंबर २०२०, वेळ संध्याकाळी सात, पश्चिमेकडे नैर्ऋत्येच्या अंगाला बघा. आधी गुरूवर क्लिक करा मग शनीवर, दोघांची प्रत लिहून घ्या आणि शर पण लिहून घ्या. जन्म दुपारचा असला तरी चालेल, सहा-सात तासांत या दोघांच्या तेजात फरक पडत नाही. आणि हे करताना एक बघायची सवय ठेवा, पुढे दुसऱ्या कुणाच्या पत्रिकेला उपयोगी पडेल: पत्रिकेतला एक अंश हा रेखांशातला असतो, पण शर वेगळा असेल तर आकाशात ते ग्रह लांब असू शकतात. शुक्राचा शर कधीकधी आठ अंशांपर्यंत जातो, तेव्हा पत्रिकेत शुक्र-बुध वीस कलांवर दिसतील, रिपोर्टमध्ये लाल अक्षरात ग्रहयुद्ध छापून येईल, आणि आकाशात दोघांमध्ये सहा-सात अंशांची मोकळी जागा असेल. त्याला मी युद्ध म्हणत नाही. तुमच्या केसमध्ये तसं नाही, तिथे खरंच दोघं चंद्रबिंबाएवढ्या अंतरात होते, म्हणून सुरुवातीलाच म्हटलं की युद्ध आहे हे खरं.

आता अंतर्दशेचं. मुलाचं भरणी नक्षत्र, जन्मतः शुक्राची महादशा, ती सोळाव्या वर्षाच्या आसपास संपेल. तिच्यात गुरूची अंतर्दशा साधारण सहाव्या वर्षी लागते आणि पावणेनऊपर्यंत चालते, म्हणजे ज्योतिषांनी वेळ बरोबर सांगितली. पण ही लाभातल्या लग्नेशाची अंतर्दशा आहे, जयी ग्रहाची आहे, मी तिला शाळेचा पाया पक्का होण्याचा काळ म्हणून वाचेन. गुरूची महादशा तर त्याला छप्पन-सत्तावनाव्या वर्षी येणार. हरला तो शनी, लाभेश आणि व्ययेश, पण स्वतःच्या घरात बसलेला, तो फार तर मेहनतीचं फळ थोडं उशिरा देईल. त्याची अंतर्दशा गुरूच्या नंतर लागते, तेव्हा अभ्यासात घाई न करता रोजचा नेम ठेवला की पुरे.

शांतीचं म्हणाल तर एकवीस हजारांची शांती करू नका. गुरूसाठी काही करावंसं वाटलं तर गुरुवारी दत्ताच्या देवळात मुलाला घेऊन जा, चणाडाळ द्या, घरी रोज स्तोत्र म्हणा, तो ऐकून ऐकून पाठ करेल, त्याचा उच्चारांना उपयोगच होईल. आणि वाचायला अडखळतो त्यासाठी पत्रिका बाजूला ठेवून आधी डोळे आणि कान तपासून घ्या, वर्गातल्या टीचरना विचारा की तो ऐकून बरोबर उत्तर देतो का आणि फक्त अक्षरं बघताना अडतो का. सिनियर केजीत अडखळणारी मुलं खूप असतात. पहिलीच्या मध्यापर्यंत तसंच राहिलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ते पुढे कुणाकडे जायचं ते सांगतील.

ज्योतिषांकडे परत गेलात तर भांडू नका, फक्त एवढं विचारा: गुरू हरला हे तुम्ही अंशावरून ठरवलंत, शरावरून की प्रतीवरून? अंशावरून म्हणाले तर २० तारखेच्या आणि २५ तारखेच्या दोन्ही पत्रिका शेजारी ठेवा. शरावरून म्हणाले तर भाचीचा गुरू जिंकला कसा ते विचारा. आणि बहिणीला सांगा की तिच्या मुलीच्या पत्रिकेतही गुरू जयीच आहे, पण तिचा चंद्र कुंभेत आहे, तिथून मकर बारावी येते, त्यामुळे मी वर सांगितलेला चंद्रापासूनचा नीचभंग तिला लागू होत नाही, तो तिच्या लग्नापासून बघावा लागेल. तिची जन्मवेळ नीट मिनिटापर्यंत पाठवा, लग्न काढून कळवतो.